बिल ऑफ लेडिंग की सी वे-बिल? माल पाठवण्याआधी फरक समजून घ्या

समजा, नाशिकच्या व्यापाऱ्याने न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अलीला कांद्याचा कंटेनर पाठवला. जहाज कंपनीने दिलेले 'टू ऑर्डर' बिल ऑफ लेडिंग म्हणजे मालाची पावती, वाहतूक कराराचा पुरावा आणि मालाच्या ताब्याची जणू किल्लीच. मूळ प्रत परत केल्याशिवाय कंपनी माल सोडत नाही. म्हणून बँक खरेदीदाराकडून पैसे घेऊनच ती प्रत त्याच्या हाती देऊ शकते.

सी वे-बिल ही पावती आणि पुरावा आहे, किल्ली नाही. त्यावर नाव असलेल्या खरेदीदाराने ओळख पटवली की माल त्याचा. जवळच्या बंदरात जहाज कागदांच्या आधी पोहोचते, तेव्हा हे सोयीचे ठरते. पण पैसे यायचे असतील, तर अनोळखी खरेदीदारासाठी वे-बिल नकोच.