सफरीतलं परहेज

उर्दूत ‘परहेज’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. जे नाजायज आहे त्यापासून दूर राहणं हे परहेज, आणि हकीम किंवा डॉक्टर सांगतात ते पथ्य, तेही परहेजच. कामानिमित्त सतत प्रवास करणारी आपली माणसं पाहिली की वाटतं, पहिलं परहेज ती नेटाने पाळतात आणि त्यातच दुसरं हातातून निसटतं. विमानतळावर आणि हॉटेलात आपण एकच प्रश्न विचारतो, “हे आपल्याला चालतं का?” उत्तर “हो, व्हेज आहे” असं आलं की ताट भरायला मोकळे होतो. वजन वाढतं ते या “हो”नंतर.

बाहेरगावच्या हॉटेलात चिकन-मटण हलाल आहे की नाही याची खात्री नसते. दर वेळी वेटरला विचारणं अवघड वाटतं, म्हणून बरेच जण सरळ शाकाहारी काउंटरकडे वळतात. निर्णय योग्यच आहे. पण ‘व्हेज म्हणजे हलकं’ हा समज मात्र चुकीचा आहे. हॉटेलच्या पनीर मखनीत काजूची पेस्ट, लोणी आणि मलई असते, त्यामुळे एका वाटीत साधारण तीनशे कॅलरी सहज जातात. मैद्याचा, वरून लोणी लावलेला एक नान अडीचशे ते तीनशेचा. म्हणजे दोन नान खाल्ले की घरच्या पाच-सहा चपात्या झाल्या. घरी पाच चपात्या ताटात घेताना आपण थबकू, पण दोन नान घेताना कुणी थबकत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. घरी सालन, अंडी, मासे यांतून प्रथिनं मिळतात आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. प्रवासात ती कमी होतात आणि त्यांची जागा मैदा, भात, बटाटा आणि तेल घेतात. मग दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते, आणि तेव्हा हाताशी असतो समोसा नाहीतर बिस्किटाचा पुडा.

एक उदाहरण सविस्तर पाहू. माझा एक मावसभाऊ यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामाला आहे. घर पुण्यात, कोंढव्याला. महिन्यातून चार वेळा दोन-दोन दिवसांसाठी दिल्लीकडे जातो. चौदा महिन्यांत त्याचं वजन सहा किलोने वाढलं. “मी तर बाहेर घासफूस खातो, मग वाढतं कसं?” असं तो विचारायचा. शेवटी आम्ही त्याच्या एका फेरीचं खाणं कागदावर मांडलं.

पहिल्या रात्री हॉटेलचा बुफे. पनीर, दोन नान, थोडा पुलाव, एक गुलाबजाम. बेरीज बाराशेच्या आसपास. घरी त्याचं रात्रीचं जेवण साडेसहाशे-सातशेचं असतं.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान रात्री साडेआठचं. पावणेसातला विमानतळावर “पुढे काही मिळेल न मिळेल” म्हणून मसाला डोसा आणि कोल्ड कॉफी, म्हणजे साडेसहाशे. विमानात शेजारचा खातोय म्हणून चीज सँडविच, तीनशे. घरी पोहोचेपर्यंत पावणेबारा वाजतात. भाभी जेवण झाकून जागी असते. तिचं मन कसं मोडायचं? म्हणून दोन चपात्या, सालन, भात, पुन्हा सातशे. एका रात्रीत तीन जेवणं झाली, आणि त्याच्या हिशेबात मात्र एकच होतं, घरचं.

पहिल्या रात्रीचे पाचशे-साडेपाचशे जास्त, दुसऱ्या रात्रीचे साडेनऊशे जास्त. एका फेरीला दीड हजार धरा, चार फेऱ्यांचे सहा हजार. शरीरात एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे कागदावर महिन्याला पाऊण किलो. प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी होते, कारण घरी परतल्यावर भूक थोडी मंदावते आणि वाढलेलं शरीर खर्चही थोडा जास्त करतं. पण चौदा महिन्यांत सहा किलो कुठून आले, हे समजायला एवढा हिशेब पुरला. त्यात दावत नव्हती, बिर्याणीही नव्हती.

आता बुफेविषयी. तिथे जास्त खाल्लं जातं ते माणूस हावरा असतो म्हणून असं मला वाटत नाही. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची चव मंद होत जाते आणि हात थांबतो, पण वेगळा पदार्थ समोर आला की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगांतून दाखवलं. एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस दिली, तर माणसं सुमारे एक तृतीयांश जास्त खात होती. चारच सारणांनी एवढा फरक पडतो, आणि हॉटेलच्या नाश्त्याला तर तीस-चाळीस पदार्थ मांडलेले असतात. त्यात ‘नाश्ता खोलीच्या भाड्यातच आहे’ हा विचार. पैसे दिलेत, तर वसूल झाले पाहिजेत!

म्हणून बुफेत ‘कमी खाईन’ असं ठरवण्यापेक्षा ‘किती प्रकार घेईन’ हे ठरवणं सोपं जातं. भावाने नियम केला, चारच प्रकार आणि एकच ताट. आधी रिकाम्या हाताने पूर्ण रांग फिरून बघायची, मग ताट उचलायचं. नाश्त्याला अंड्याच्या काउंटरवर दोन अंड्यांचं ऑम्लेट, “तेल एकच छोटा चमचा” असं सांगून. सोबत दोन इडल्या, एक वाटी दही आणि एक फळ. फळ चावून खायचं, रस नाही, कारण रसाच्या ग्लासात दोन-तीन फळांची साखर असते आणि पोट भरत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मांसाबद्दल शंका असली तरी प्रथिनांचे सगळे रस्ते बंद होत नाहीत. अंडी, दही, डाळ, छोले, राजमा हे जवळपास प्रत्येक हॉटेलात असतं आणि मासा अनेक ठिकाणी मिळतो. माशाला जिबहची अट नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, पण बुफेसमोर आठवत नाही. रात्रीच्या बुफेत अंडी दिसली नाहीत तरी स्वयंपाकघरात असतात, वेटरला सांगितलं की उकडून आणून देतो. भावाचं रात्रीचं ताट आता असं असतं, लोणी न लावलेल्या दोन तंदुरी रोट्या, वाटीभर साधी डाळ, दोन उकडलेली अंडी, दही आणि काकडी-टोमॅटो. सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास. शिवाय विमान कंपनी विशेष जेवण देत असेल तर बुकिंग करतानाच MOML हा पर्याय निवडता येतो. हा मुस्लिम जेवणाचा कोड आहे आणि तो आधीच नोंदवावा लागतो, ऐन वेळी मागून मिळत नाही.

ताटात उरलेलं टाकणं इस्राफ, म्हणून नको असतानाही ते संपवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. भावना चांगली आहे. पण नको असलेलं ताटात वाढून घेतलं तिथेच इस्राफ झालेला असतो. तो पोटात ढकलल्याने भरून निघत नाही.

पहाटेच्या विमानाचा त्रास आणखी वेगळा. तीनला उठायचं म्हणजे झोप चार तासांची. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. भूक वाढवणारं संप्रेरक वाढलं, ती शमवणारं घटलं, आणि भूक सुमारे २४ टक्के जास्त लागल्याचं त्या तरुणांनी नोंदवलं. ओढ मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची होती. अशा दिवशी अकरा वाजता ऑफिसातला समोसा नाकारायला मनोबल पुरत नाही. खिशात काहीतरी लागतं. भाजलेले चणे, दोन उकडलेली अंडी किंवा अंड्याची पोळी गुंडाळलेली चपाती घरून नेता येते. कोरडं खाणं सुरक्षा तपासणीतून सहसा अडत नाही, पातळ सालन किंवा लोणचं मात्र नेऊ नये.

हे जमतंय की नाही, ते काट्यावर कळतं, पण परतल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं आणि मैदा-भातही जास्त खाल्ला जातो, त्यामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. काटा एक-दीड किलो वर दिसतो आणि माणूस खचून म्हणतो, “जाऊ दे, आता काय उपयोग!” दोन दिवसांत दीड किलो चरबी चढायला साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. ते पाणीच असतं. चौथ्या दिवशी सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करावं आणि मागच्या फेरीनंतरच्या चौथ्या दिवसाशी ताडून पाहावं. हा आकडा प्रत्येक फेरीनंतर थोडा थोडा वर सरकत असेल, तर ती खरी वाढ.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवण गाळण्याचे किंवा पुढे ढकलण्याचे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत. त्यांच्या प्रवासातल्या जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरली पाहिजे.

भावाच्या हिशेबात सगळ्यात मोठी गळती परतीच्या रात्रीची होती, आणि ती थांबवायला घरच्यांची साथ लागली. आता विमान रात्री दहानंतर उतरणार असेल तर तो विमानतळावरच नीट जेवतो आणि विमानात फक्त पाणी घेतो. लवकर उतरणार असेल तर तिकडे मूठभर चणे आणि जेवण घरी. कोणतं, ते तो बोर्डिंगच्या आधी फोनवर भाभीला सांगतो. ती जेवण झाकून ठेवायची ते मायेने. आता त्या रात्री ती सालन फ्रीजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एकत्र दस्तरखानावर बसतात. सहा महिन्यांत त्याचं वजन तीन किलोने उतरलं आहे. फेऱ्या तेवढ्याच आहेत, हॉटेलही तेच आहे.