स्वस्त साखरेचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही इंदुरातील एका मोठ्या दुकानातून दोन किलो साखर ३६ रुपये भावाने आणली. आमच्या नेहमीच्या किराणेवाल्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, मला ती घाऊकलाच बेचाळीसने पडते." मग त्या दुकानदाराने घाटा का सोसावा? आम्ही त्या दिवशीचे बिल पुन्हा उलगडून पाहिले, आणि त्यात एक सोडून तीन युक्त्या आढळल्या.

पहिली युक्ती अर्थातच साखरेची. मोठ्या दुकानालाही ती ४२ रुपयांच्या आसपासच पडत असेल असे धरले, तर आमच्यावर त्याने १२ रुपये गमावले. परंतु आमचे उरलेले बिल १,२०० रुपयांचे होते. त्यावर शेकडा १५ नफा सुटतो असे मानले, तर १८० रुपये मिळाले; बारा वजा जाता १६८ उरले. साखरच का निवडली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. साखरेचा भाव प्रत्येक घराला तोंडपाठ असतो. हिंगाचा किंवा भांडी घासण्याच्या साबणाचा नसतो. ओळखीचा भाव उतरलेला दिसला की न ओळखीचे भावही उतरलेच असतील, असे मन धरून चालते. मात्र केवळ साखर घेऊन परतणारे गिऱ्हाईक हे ह्या युक्तीचे मरण होय. म्हणूनच "एका बिलावर दोनच किलो" अशी पाटी असते, आणि साखरेची पोती दुकानाच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात असतात. ही दोन लक्षणे दिसली की घाट्याचा माल ओळखावा.

दुसरी युक्ती जोडीची: चहा आणि बिस्किटे मिळून १५० रुपये. हिचे गणित अधिक सूक्ष्म आहे. समजा, गिऱ्हाइके दोनच. पहिले घर चहाचे शौकीन. ते चहाला १२० आणि बिस्किटांना ४० रुपये देण्यास तयार आहे. दुसऱ्या घरात मुले पुष्कळ. ते चहाला ८० पण बिस्किटांना ७० देईल. सुटे विकायचे तर दोन्ही घरांनी दोन्ही जिन्नस घ्यावेत म्हणून चहा ८० ला आणि बिस्किटे ४० ला ठेवावी लागतात. गल्ल्यात २४० रुपये येतात. भाव चढवला तर एक घर गळते आणि जमा त्याहून कमीच होते. आता जोडी पाहा. पहिल्या घराला ती १६० ची वाटते, दुसऱ्याला १५० ची. दीडशे भाव ठेवला की दोघेही घेतात आणि ३०० जमा होतात. माल तेवढाच गेला, खर्च तोच राहिला, तरी ६० रुपये अधिक आले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर ह्यांनी १९६३ साली दूरचित्रवाणी केंद्रांना एकगठ्ठा विकल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या संदर्भात हेच तत्त्व मांडले होते. आवडी परस्परविरुद्ध असतील तरच ते फळते. एकाच घराला दोन्ही जिन्नस अधिक हवे असतील, तर जोडी बांधून काही हाती लागत नाही.

तिसरी युक्ती १९९ रुपयांच्या डब्याची. दोनशेवर दुकानदाराला ४० रुपये सुटत असतील, तर १९९ वर ३९ सुटतात. शंभर डब्यांच्या जागी १०३ विकले गेले की तो एक रुपया भरून निघतो. पुढचा सगळा नफा. आपली नजर डावीकडचा आकडा आधी धरते, म्हणून १९९ ची गणना शंभराच्या घरात होते. अँडरसन आणि सिमेस्टर ह्या दोघा संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टपालाने विकला जाणारा एकच पोशाख ३४, ३९ आणि ४४ डॉलर अशा तीन भावांनी देऊ केला, तेव्हा ३४ पेक्षा ३९ लाच अधिक खपला! नवख्या मालावर हा परिणाम अधिक दिसला. ज्याचा रास्त भाव आपल्याला ठाऊक नसतो, तिथे नऊचा आकडाच स्वस्ताईची साक्ष देतो.

तिन्ही युक्त्या आमच्या अज्ञानावर बेतलेल्या आहेत, हे ध्यानात आल्यावर आम्ही तीच यादी किराणेवाल्यांकडून लिहून घेतली. साखरेत आमचे १२ रुपये वाचले होते. बाकीच्या जिनसांत ३१ रुपये जास्त गेले होते, आणि बिस्किटे तर यादीत नव्हतीच. ह्यात एक रुखरुखही आहे. बारा रुपयांचा घाटा हजार जिनसांवर पसरवणे मोठ्या दुकानाला परवडते. ज्याच्याकडे साखर, डाळ, तेल हाच मुख्य धंदा आहे, त्या किराणेवाल्याला परवडत नाही. अडीअडचणीला महिनाभर उधार देणारी वही मात्र त्याच्याकडेच असते.

आता आम्ही घरच्या हिशेबवहीत साखरेबरोबर हिंगाचा आणि साबणाचाही भाव टिपून ठेवतो. मोठ्या दुकानात आजही जातो, पण बहुधा दोन किलो साखर घेऊन सरळ परततो.