लौकी ते तरोटा : ऋतूप्रमाणे भाजीचा बेत

भगिनींनो, आपल्या प्रतापगडच्या बाजूला धानाची रोवणी सुरू झाली की बाजारातली भाजी महागते आणि हाती वेळही उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात एक रीत आणि पाऊस पडल्यावर दुसरी, अशी घरची आखणी असावी.

उन्हाळ्यात लौकी, म्हणजे दुधी, स्वस्त असते. पाच माणसांच्या घरी एक किलोची कोवळी लौकी दोन वेळा पुरते. चिरण्याआधी देठाकडचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि लौकी फेकून द्या. हा कडूपणा शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या, जुलाब होतात. चांगली निघाली तर अर्धी लौकी एक वाटी भिजवलेल्या चणाडाळीबरोबर रात्री शिजवा. उरलेली अर्धी न चिरता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी ती किसून तांदळाच्या पिठात मिसळा आणि त्यात मीठ, मिरची, सांबार घालून धिरडी काढा. किसाला पाणी सुटते, म्हणून पाणी बेतानेच घाला. साली तेलावर परतून, भाजलेली जवस व लसूण घालून वाटल्या की चटणी होते.

पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत धुऱ्यावर, पडीक जागेवर तरोटा उगवतो. त्याला पैसा लागत नाही, पण ओळख हवी. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानांची टोके गोलसर असतात. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. त्याच्या जोड्या जास्त, पानांची टोके अणकुचीदार आणि वास उग्र असतो. तो खुडू नये. त्याच्या शेंगांतल्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचा तरोटाही घेऊ नका.

फुले येण्याआधीचे कोवळे शेंडेच खुडा, जून पाने कडवट लागतात. भाजी शिजून फार आळते, म्हणून पाच जणांसाठी टोपलीभर पाला लागतो. तो तीन पाण्यांनी धुऊन पाच मिनिटे उकळा, पाणी ओतून द्या आणि पाला घट्ट पिळून चिरा. मग कांदा, लसूण, सुक्या मिरचीची फोडणी देऊन भिजवलेली मूगडाळ टाका. डाळ शिजली की पाला घालून परता. भाताबरोबर ही भाजी चांगली लागते.

तरोटा फुलावर आला की खुडणे थांबवा. तोवर परड्यात लावलेली अंबाडी हाताशी येते. तिचा आंबटपणा डाळीत मुरतो, त्यामुळे त्या दिवशी चिंच लागत नाही. आठवड्यात दोन दिवस तरोटा, एक दिवस अंबाडी असा बेत ठेवला, तर त्या तीन दिवसांची भाजी विकत आणावी लागत नाही आणि मुलेही एकाच चवीला कंटाळत नाहीत.