चार्जर म्हातारा होतो, बॉस!

‘पूर्वी आंघोळ करून येईपर्यंत फोन निम्मा चार्ज व्हायचा. आता नाश्ता झाला, डबा भरला, तरी गाडी पस्तीसवरच!’ सांगलीच्या मावसभावाची ही तक्रार. फोन तोच, चार्जर तोच, मग स्पीड गेला कुठे? गंमत म्हणजे पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे अठरा वॅटचे चार्जर घेतले होते. माझा साताऱ्यात अजून टकाटक चालतोय.

आपण पहिला संशय घेतो तो बॅटरीवर. पण आधी टेस्ट करा. गेल्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा माझा चार्जर सोबत नेला. फोन त्याचा, केबल एकच, प्लग पॉइंट एकच, फक्त चार्जर बदलायचा. माझ्या चार्जरने फोन वीसवरून साठ टक्क्यांवर साधारण अर्ध्या तासात गेला. त्याच्या चार्जरला तेवढ्यासाठी जवळजवळ एक तास लागला. म्हणजे बॅटरी निर्दोष, केबलही निर्दोष. मध्ये लावलेल्या छोट्या यूएसबी मीटरने उरलेली गोष्ट सांगितली. माझा चार्जर नऊ व्होल्टवर ठाम होता. त्याचा नऊवर सुरू व्हायचा, लोड वाढला की डगमगायचा आणि पाच व्होल्टवर येऊन बसायचा.

आता आतला फंडा. फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आधी आपसांत बोलून जास्त व्होल्टेज ठरवतात. ते व्होल्टेज स्थिर ठेवायचं काम असतं कपॅसिटरचं. हा म्हणजे विजेची छोटी टाकी. नळाला पाणी कमी-जास्त आलं तरी टाकीमुळे घरात धार सारखी राहते, तसंच. चार्जरमधल्या डबीसारख्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि ओला कागद यांची गुंडाळी असते. तो ओलावा म्हणजेच इलेक्ट्रोलाइट. खालच्या रबरी बुचातून तो वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. टाकी लहान होत जाते आणि तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो. मग फोनने जास्त करंट मागितला की व्होल्टेज खचतं. फोनला ते कळतं आणि तो शहाण्यासारखा मागणी कमी करतो, किंवा चार्जरच साध्या पाच व्होल्टवर परततो. चार्जर बंद पडत नाही, म्हणून तर आपल्याला पत्ता लागत नाही. तो फक्त दमतो.

पण मग एकाच वयाच्या दोन चार्जरपैकी एकच का दमला? कारण उष्णता. चांगल्या कपॅसिटरवर साधारण ‘१०५ अंशाला २००० तास’ असं रेटिंग असतं. तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य अंदाजे दुप्पट, हा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा. भावाचा चार्जर सोफ्यामागच्या एक्स्टेन्शन बोर्डात, उशीखाली दबलेला. त्यावर घरातले तीन फोन आळीपाळीने, रोज दहाएक तास. वर सांगलीचा उन्हाळा! आत ७५ अंश धरले तर हिशेब येतो १६,००० तासांचा, म्हणजे साडेचार वर्षांच्या आत खेळ आटोपला. माझा चार्जर मोकळ्या भिंतीवर, रोज दोन तास, मग प्लगमधून बाहेर. तो दहा अंशांनी जरी थंड राहिला, तरी त्याचा हिशेब ३२,००० तासांवर जातो.

अर्थात प्रत्येक वेळी चार्जरच व्हिलन असतो असं नाही. झिजलेली केबल आणि पोर्टमधली धूळ हे गुन्हेगार जास्त वेळा सापडतात. फोन तापला की तोही मुद्दाम स्पीड कमी करतो, आणि ऐंशी टक्क्यांनंतर तर प्रत्येक फोन रेंगाळतोच. म्हणून तुलना वीस ते साठ टक्क्यांमध्येच करा. आधी केबल बदलून पाहा, मग चार्जर. पूर्वीपेक्षा जास्त गरम होणं, बारीक चिर्र आवाज, ‘फास्ट चार्जिंग’ची सूचना येऊन लगेच गायब होणं, ही चार्जरच्या म्हातारपणाची लक्षणं.

आणि हो, उघडून कपॅसिटर बदलायचा उद्योग घरी नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. जुना चार्जर ई-कचऱ्यात द्या, नाहीतर रात्री निवांत चार्ज होणाऱ्या इअरफोनसाठी ठेवा. मात्र भाजण्याइतका तापत असेल किंवा चिरचिरत असेल, तर तेवढ्यासाठीही नको. नवा आणलात की त्याला सोफ्यामागे कोंबू नका, भिंतीवर मोकळी हवा द्या.