गावाची श्रद्धांजली

शासकीय इतमामात जवानाचे अंत्यसंस्कार होतात, तेव्हा सर्व काही ठरलेल्या शिस्तीने पार पडते. शवपेटीवरील तिरंग्याचा केशरी पट्टा मस्तकाकडे असतो. अग्नी देण्यापूर्वी ध्वज उतरवून, घडी घालून कुटुंबाच्या हाती दिला जातो. बिगुल वाजतो, मानवंदना होते आणि तुकडी परत जाते. त्यानंतर गाव आपली श्रद्धांजली सभा भरवते, तेव्हा मात्र ती शिस्त गावालाच घालून घ्यावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या एका गावात अशी सभा ठरली. मराठा लाइट इन्फन्ट्रीतील एक नाईक सीमेवर गस्तीच्या वेळी गोळी लागून मरण पावला, त्याला महिना झाला होता. सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी मानपत्राचा मसुदा लिहून आणला. त्यात 'रक्ताचा अभिषेक' होता, 'भारतमातेचा वाघ' होता आणि 'मृत्यूला हसत कवटाळले' असेही वाक्य होते. बैठकीत गावचे निवृत्त सुभेदार शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हसत कवटाळले हे कोणी पाहिले? त्याला दिवाळीला घरी यायचे होते. मुलीचे नाव शाळेत घालायचे होते. त्याच्या आईसमोर हे वाक्य कसे वाचायचे?"

गुरुजींनी मसुदा परत घेतला. नवे मानपत्र सहा वाक्यांचे झाले. 'ते गावच्या प्राथमिक शाळेत शिकले. विसाव्या वर्षी सैन्यात भरती होऊन बेळगावच्या रेजिमेंट केंद्रात त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि बारा वर्षे सेवा केली. सुटीवर आले म्हणजे पहाटे शाळेच्या मैदानावर ते गावातील मुलांकडून धावण्याचा सराव करून घेत; त्यांपैकी चौघे आज सैन्यात आहेत. गस्तीवर कर्तव्य बजावीत असताना त्यांना मरण आले. त्यांच्या मागे आई, वडील, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे. हे गाव त्यांचे ऋणी आहे.'

फलकावर 'शहीद' लिहावे की नाही, हाही प्रश्न निघाला. आपल्या सैन्यदलांत ही अधिकृत संज्ञा नाही, असे केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलेले आहे. लोक आदराने हा शब्द वापरतात, त्यात वावगे काही नाही. परंतु सुभेदारांच्या सूचनेवरून फलकावर पद, नाव, रेजिमेंट आणि दोन तारखा एवढेच लिहिले गेले.

खरा पेच पुढे होता. कार्यक्रमपत्रिकेत वीरमातेची ओटी भरून सत्कार आणि त्यांच्याच हस्ते दीपप्रज्वलन असे लिहिले होते. वीरपत्नीचे नाव केवळ उपस्थितांत होते. ते कोणी मुद्दाम केले नव्हते. रीतच तशी होती. सासूचे सौभाग्य शाबूत आणि सुनेचे गेलेले, म्हणून एकाच मंचावर एकीची ओटी भरली जाणार आणि दुसरी नुसती पाहत राहणार. ज्याच्या मरणाला गाव सन्मान म्हणते, त्याच मरणामुळे त्याच्या पत्नीला गाव मागे बसवणार होते. पंचायतीच्या एका सदस्या भगिनींनी हे नेमके बोलून दाखविले. याच जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, याची त्यांनी आठवण दिली. एका वयोवृद्धांना ते रुचले नाही. तेव्हा स्वतः वीरमाता म्हणाल्या, "माझी ओटी नको. दिवा सून लावील, मी तिच्याजवळ उभी राहीन."

सभा पाऊण तासात आटोपली. कुटुंबाला सतरंजीवर सर्वांच्या पुढे बसविले होते. पाहुण्यांसाठी वेगळ्या खुर्च्या मांडल्या नव्हत्या. वीरपत्नीने दिवा लावला. दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली. मानपत्र एकानेच वाचले. सासू-सून दोघींना सारखीच शाल दिली. घोषणा झाल्या नाहीत. बोलण्याचा आग्रह कुटुंबातील कोणालाही केला नाही.

मंचावरून मदतीच्या रकमेचा उच्चार करायचा नाही, हेही आधीच ठरले होते. चारचौघांत आकडा जाहीर झाला की उसनवारी मागणारे दारात येतात आणि सासर-माहेरात संशयाला जागा होते. उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, विमा, बँकेतील खाते यांची कागदपत्रे हा घरात बसून करावयाचा विषय आहे. त्यासाठी सुभेदार वीरपत्नीसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार होते. प्रत्येक कागद तिने स्वतः वाचल्याखेरीज त्यावर सही करावयाची नाही, एवढे त्यांनी तिला बजावून ठेवले होते.

निघताना तिने गुरुजींकडे मानपत्राची आणखी एक प्रत मागितली. एक प्रत भिंतीवर लागेल. दुसरी तिला मुलीसाठी जपून ठेवायची होती. "ती मोठी झाल्यावर विचारील, बाबा कसे होते. यात लिहिले आहे ते सगळे खरे आहे, म्हणून तिला देता येईल," असे ती म्हणाली.