केक गोड झाला, पण फुगला नाही

अब्बांना मधुमेह आहे, म्हणून ईदच्या केकमध्ये मी 150 ग्रॅम साखरेऐवजी पाव चमचा स्टीव्हियाच्या अर्काची पूड घातली. मैदा आणि लोणी प्रत्येकी 150 ग्रॅम, अंडी 3. बाकी सारे नेहमीचेच. केक गोड झाला, पण बसका आणि पांढुरका. रंग येईना म्हणून ओव्हनमध्ये आणखी ठेवला, तर कोरडा पडला.

भगिनींनो, साखर नुसती गोडी देत नाही. लोण्यात फेटताना तिचे दाणे हवा धरतात, ती ओलावा टिकवते आणि भाजताना तांबूस रंग आणते. चिमूटभर स्टीव्हिया यातले काहीच करत नाही.

पुढच्या वेळी साखरेची जागा भरायला 75 ग्रॅम बदामाची पूड घातली, रंगासाठी 2 चमचे दूध पावडर. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळला. रंगाची वाट न पाहता मध्ये काडी खुपसून पाहिली आणि ती कोरडी निघताच केक बाहेर काढला. नेहमीइतका तांबूस नव्हता, पण मऊ होता. मैद्यानेही रक्तातली साखर वाढतेच, म्हणून अब्बांना एकच काप दिला.