गार आणि घार यांच्या मधले काही क्षण

आपल्या शाळांमध्ये एक शेरा फार सहज दिला जातो: "या मुलाची जीभ जड आहे." श्रुतलेखनात एखाद्याने 'घर'चे 'गर' केले, 'भात'चा 'बात' केला की वहीवर लाल रेघ येते आणि वर हा शेरा. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव भागातून येणाऱ्या, घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो जास्त येतो. 'मुझे'चे 'मुजे' करणाऱ्या उर्दू शाळेतल्या मुलांनाही तो चुकत नाही. माझे म्हणणे असे की हा शेरा चुकीचा आहे. भलेपणाने सोडून द्यावा म्हणून नव्हे, तर मोजून पाहिले तर तो टिकत नाही म्हणून.

ज्या गोष्टीवरून हे ठरते तिला ध्वनिशास्त्रात व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणतात, थोडक्यात व्हीओटी. मराठीत सरळ सांगायचे तर आवाज सुरू व्हायला लागलेला वेळ. आपण 'क' म्हणतो तेव्हा जिभेचा मागचा भाग वर टेकून हवा अडवतो. मग अडसर सुटतो आणि एक बारीकसा स्फोट होतो. त्यानंतर घशातल्या स्वरतंतूंची थरथर सुरू होते आणि पुढचा स्वर ऐकू येतो. स्फोट आणि थरथर यांच्या मधले अंतर म्हणजे व्हीओटी. ते सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात मोजतात. थरथर स्फोटाच्या आधीच सुरू झाली तर आकडा उणे धरतात.

आता चार शब्द घ्या: कार, खार, गार, घार. चारही शब्दांत जीभ एकाच जागी टेकते, पुढचे 'आर' तेच आहे. फरक आहे तो वेळेचा. 'कार'मध्ये स्फोटानंतर साधारण वीसेक मिलिसेकंदांत थरथर सुरू होते. 'खार'मध्ये स्वरतंतू उघडे राहतात, मधल्या वेळात नुसती हवा सुसाटते आणि थरथर यायला ऐंशी-नव्वद मिलिसेकंद लागू शकतात. 'गार'मध्ये उलटे घडते. जीभ टेकलेली असतानाच घसा गुणगुणू लागतो, आकडा उणे साठ, उणे ऐंशी, कधी उणे शंभरच्याही खाली जातो. ज्याला आपण क, ख, ग अशी तीन वेगळी अक्षरे म्हणतो ती एकाच वेळपट्टीवरची तीन ठिकाणे आहेत.

उर्दू शिकवणाऱ्याला याचे नवल वाटू नये. आपण काफला दोचश्मी हे जोडतो तेव्हा 'ख' तयार होतो, गाफला जोडतो तेव्हा 'घ'. मूळ अक्षर तेच आणि त्यावर हवेची भर, हे उर्दू लिपी उघड दाखवते. देवनागरी त्याला स्वतंत्र अक्षर देते. दोन्ही लिप्या एकाच गोष्टीची नोंद दोन तऱ्हांनी करतात. पण 'खबर'मधला नुक्त्याचा ख, म्हणजे खे या हर्फाचा आवाज, या पट्टीवर बसत नाही. तिथे हवा कधी पूर्ण अडतच नाही, ती घासत जाते. स्फोट नाही तर मोजायचे कुठून? मराठी लेखनात 'खाट' आणि 'खबर' यांचा ख सारखाच दिसतो, त्यामुळे उर्दू घरातल्या मुलाला हा भेद कानाने माहीत असतो आणि वहीत तो कुठेच सापडत नाही. 'फळ'चा फ इंग्रजी एफसारखा घासून म्हणणाऱ्यांच्या बाबतीतही हीच अडचण येते.

ही मोजणी काही आजची नाही. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत काम करणारे ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील शब्दांच्या सुरुवातीचे स्पर्श व्यंजन मोजून 'वर्ड' या नियतकालिकात निबंध छापला. त्या अकरांत हिंदी होती आणि आपली मराठीही होती. इंग्रजी, डच, तमिळ अशा भाषांत व्यंजनांचे दोन गट. थाई, कोरियन यांच्यात तीन. चार गट फक्त हिंदी आणि मराठीत. आणि नेमके इथेच त्यांचे माप अडखळले. क, ख, ग वेगळे पडले, पण ग आणि घ एकमेकांवर येऊन बसले. त्यांच्या हिंदी आकड्यांत ग साधारण उणे साठच्या घरात, तर घ उणे पंचाहत्तरच्या आसपास. एवढ्या फरकाने कोणी गार आणि घार ओळखणार नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. 'घ' म्हणतानाही थरथर स्फोटाच्या आधीच सुरू झालेली असते, अगदी 'ग'सारखी. फरक स्फोटाच्या नंतर येतो. 'ग'मध्ये लगेच स्वच्छ स्वर लागतो. 'घ'मध्ये स्वरतंतू थरथरत असतानाच थोडे सैल राहतात आणि स्वराच्या पहिल्या भागात श्वास मिसळलेला, घोगरा आवाज येतो. म्हणजे आवाज कधी सुरू झाला हे विचारून भागत नाही, तो स्वच्छ कधी झाला हेही विचारावे लागते. मुले चुकतात ती बहुतेक याच जोडीत: ग-घ, ब-भ, द-ध. शास्त्राच्या मापालाही जो भेद एका आकड्यात पकडता आला नाही, तो सात वर्षांच्या मुलाला पकडता आला नाही म्हणून त्याची जीभ जड ठरवणे मला पटत नाही.

कोणाला स्वतः पाहायचे असेल तर ते फार अवघड नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले Praat नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. हे चार शब्द प्रत्येकी दहा वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करा, फाइल त्यात उघडा आणि शब्दाची सुरुवात मोठी करून बघा. स्फोट एका उभ्या रेघेसारखा दिसतो. 'क'मध्ये कधी दोन रेघा लागोपाठ दिसतात, तेव्हा पहिलीपासून मोजा. नियमित लाटा जिथे सुरू होतात ती दुसरी खूण. दोन्हींतले अंतर खाली आकड्यात मिळते. 'ग'मध्ये स्फोटाच्या आधी चित्राच्या तळाशी एक काळसर पट्टी दिसेल, तीच घशातली गुणगुण. इथे एक फसगत होते. वर्गातल्या पंख्याची किंवा विजेची घरघरही तळाशी तशीच पट्टी काढते. ओळखायचे कसे? घरघर मुलगा बोलायच्या आधीपासून चालू असते आणि तो थांबल्यावरही चालूच राहते. दुसरी फसगत वेगाची. घाईने बोलले की 'ख'चा आकडा कमी होतो, म्हणून भराभर बोलणाऱ्याचा 'ख' सावकाश बोलणाऱ्याच्या 'ख'शी ताडून बघू नये, त्याच्याच 'क'शी ताडावा.

आता कानाची बाजू. वेळ हळूहळू बदलत जाते, पण कान तसा ऐकत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या अलीकडे 'बा' ऐकू येतो, पलीकडे 'पा', मधले काही नाही. म्हणूनच आपण वीसच्या आतला 'प' वापरून 'पेन' म्हटले तर एखाद्या इंग्रजाला ते 'बेन' वाटू शकते. आपला प खोटा नाही, फक्त त्याच्या कानाची रेघ दुसरीकडे आहे. ही रेघ भाषा आखते. १९७१ साली पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना वीस आणि चाळीस मिलिसेकंदांचे आवाज ऐकवले, तेव्हा बाळांना फरक कळला. १९८१ साली जॅनेट वर्कर आणि सहकाऱ्यांनी हिंदीतल्या थ आणि ध यांची परीक्षा घेतली. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो भेद ऐकू आला, त्याच घरातल्या बहुतेक मोठ्यांना नाही. पण थोडा सराव दिल्यावर काही मोठ्यांनाही तो ऐकू येऊ लागला.

गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. या कुळात मुळात महाप्राण व्यंजने नव्हती, पुष्कळशी उसन्या शब्दांबरोबर आली. त्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानाने ग आणि घ यांच्यामध्ये रेघ आखली नसेल तर त्याने काही हरवलेले नाही. ती रेघ त्याला शिकवायची आहे, आणि ती शिकवता येते.

म्हणून लाल रेघ ओढण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते. गार पाण्याचे आणि घारीचे चित्र समोर ठेवून शब्द म्हणा आणि मुलाला बोट ठेवायला सांगा. तो गोंधळला तर अडचण कानाची आहे, मग शंभर वेळा लिहून घेण्याने काही होणार नाही, आधी जोड्या ऐकवाव्या लागतील. बोट बरोबर ठेवले पण बोलताना चुकला तर सराव बोलण्याचा हवा. ऐकतो बरोबर, बोलतोही बरोबर आणि तरी 'गर' लिहितो, तर अडचण अक्षराची आहे. तीन दुखणी आणि तिन्हींवर एकच लाल रेघ, हा आपला सध्याचा इलाज.

काही जण म्हणतील, शुद्ध उच्चार हा संस्काराचा भाग आहे, त्यात सूट कशाला? त्यांना एवढेच विचारावे की तुम्ही 'हाथ' म्हणता की 'हात'? 'भूख' की 'भूक'? 'हाथी' की 'हत्ती'? हिंदी-उर्दूने जिथे हवा राखली तिथे प्रमाण मराठीने ती केव्हाच सोडून दिली, आणि शुद्धलेखनाच्या पुस्तकाने तिच्यावर शिक्का मारला. शब्दाच्या शेवटी हे सहज घडते, कारण तिथे पुढे स्वरच नसतो. ज्या वेळेत हवा ऐकू यावी ती वेळच उरत नाही. 'दूध' लिहून 'दूद' म्हणणारे आपल्यात किती आहेत ते आजच जेवताना ऐकून बघा. मराठीने जे केले त्याला आपण भाषेचा विकास म्हणतो. उर्दू शाळेतल्या मुलाने 'मुजे' म्हटले की तो अशुद्ध, आणि गोंडी मुलाने 'गर' लिहिले की त्याची जीभ जड.

मुलाला 'घ' लिहिता आलाच पाहिजे, त्याबद्दल माझा वाद नाही. परीक्षेत, अर्जात, पुढे नोकरीत त्याला तो लागणार आहे. वाद आहे तो त्या शेऱ्याशी. जी जीभ 'कार' आणि 'गार' यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाइतका फरक न चुकता राखते, ती जड कशी असेल?